कोपऱ्यातलं कुंपण: m = 3/4 सोडून m = −3/4 का घ्यायचं, आणि माड मध्यावरच का येतो

प्रश्न: मी फोंड्याला हायर सेकंडरीत बारावीला आहे. सरांनी एक गणित घातलं. भाटाच्या कोपऱ्यात दोन चिऱ्यांच्या भिंती काटकोनात मिळतात. आत एक माड आहे, एका भिंतीपासून ४ मीटरवर आणि दुसरीपासून ३ मीटरवर. माडावरून जाणारं सरळ कुंपण घालून कोपऱ्यातला त्रिकोणी तुकडा वेगळा करायचा. तो लहानात लहान कसा होईल? भिंतींना अक्ष मानून मी (4, 3) मधून जाणाऱ्या रेषेचा स्लोप m धरला. डेरिव्हेटिव्ह शून्य केल्यावर m = 3/4 आणि m = −3/4 अशी दोन उत्तरं आली. m = 3/4 घातलं की क्षेत्रफळ शून्य येतं. शून्याहून लहान काय असणार? मग उत्तर −3/4 का? शिवाय त्या उत्तरात माड कुंपणाच्या बरोबर मध्यावर येतो, तो योगायोग आहे का?

उत्तर: डेरिव्हेटिव्ह तुम्ही बरोबर काढलं आहे. गडबड त्याच्या आधी झाली. ज्या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह घेतलं ते क्षेत्रफळाचं सूत्र कधी असतं आणि कधी नसतं, हे तपासायचं राहून गेलं. सूत्र असं आहे. रेषा y − 3 = m(x − 4). ती x-अक्षाला 4 − 3/m वर आणि y-अक्षाला 3 − 4m वर छेदते. या दोघांच्या गुणाकाराचं अर्धं केलं की

A(m) = ½(4 − 3/m)(3 − 4m) = 12 − 8m − 9/(2m)

आता कुंपण दोन्ही भिंतींना भिडायचं असेल तर दोन्ही छेद धन हवेत. 3 − 4m धन असायला m हा 3/4 पेक्षा लहान हवा. 4 − 3/m धन असायला m ऋण हवा, नाहीतर 3/4 पेक्षा मोठा हवा. दोन्ही अटी एकाच वेळी फक्त m < 0 असतानाच जुळतात. म्हणजे हे सूत्र तुमच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ देतं ते m ऋण असेल तेव्हाच. 3/4 ही किंमत त्या पट्ट्यात नाहीच, म्हणून तिची तुलना −3/4 शी करायची नाही.

m धन असताना काय होतं तेही एकदा आकडे घालून बघा, म्हणजे शंका राहणार नाही. m = 1 घेतलं तर रेषा x-अक्षाला 1 वर आणि y-अक्षाला −1 वर छेदते. त्रिकोण तयार होतो, पण चौथ्या चरणात, भिंतीच्या पलीकडे, आणि सूत्र −0.5 असं ऋण क्षेत्रफळ दाखवतं. m = 0.7 घेतलं तर त्रिकोण दुसऱ्या चरणात जातो आणि त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०३ चौरस मीटर भरतं. m जसजसा 3/4 च्या जवळ न्याल तसतसा हा त्रिकोण हवा तेवढा बारीक होतो आणि m = 3/4 ला रेषा थेट कोपऱ्यातून, म्हणजे आरंभबिंदूतून जाते; तिथे त्रिकोणच उरत नाही. या सगळ्या रेषा माडावरून जातात हे खरं, पण दोन छेदबिंदूंना जोडणाऱ्या तुकड्यावर माड येत नाही, तो बाहेर राहतो. कुंपण म्हणजे नेमका तोच तुकडा. त्यामुळे गणितात 'पहिल्या चरणातला त्रिकोण' असे शब्द नसतील तर काटेकोरपणे बघता किमान क्षेत्रफळ असं काही नाहीच. ही अट उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीत लिहा: m < 0.

दुसरं डेरिव्हेटिव्ह −9/m³ आहे. m = −3/4 ला ते धन, म्हणून तिथे किमान; m = 3/4 ला ऋण, म्हणून तिथे कमाल. म्हणजे 'किमान' २४ आणि 'कमाल' शून्य! हे बघून बरेच जण आपलंच चुकलं असं समजून सगळं खोडून टाकतात. चुकलेलं काही नसतं. m = 0 ला आलेख तुटतो. डाव्या बाजूने शून्याकडे जाताना A वर अनंताकडे जातो, उजव्या बाजूने खाली ऋण अनंताकडे. हे दोन वेगळे तुकडे आहेत, आणि एकाची कमाल दुसऱ्याच्या किमानापेक्षा लहान असायला काहीच हरकत नाही.

आणखी एक वाक्य परीक्षेत लिहावंच लागतं आणि बहुतेक वेळा तेच सुटतं. एका बिंदूवर दुसरं डेरिव्हेटिव्ह धन आहे एवढ्यावरून फक्त आसपासच्या किमतींपुरतं किमान सिद्ध होतं. इथे मात्र m < 0 या सबंध पट्ट्यात −9/m³ धनच आहे, म्हणून आलेख सगळीकडे वर वळलेला आहे आणि −3/4 हे त्या पट्ट्यातलं एकमेव आणि खरं किमान आहे.

हे झालं तुमच्या पद्धतीचं. माझा सल्ला विचाराल तर या गणितात m धरूच नये. चिन्हाचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. त्याऐवजी जमिनीवर मोजता येईल असं अंतर धरा. माडापासून x-अक्षाच्या भिंतीवर लंब टाका. तो कोपऱ्यापासून ४ मीटरवर पडतो. कुंपण त्याच्या पुढे u मीटरवर भिंतीला भिडतं असं धरा. आता अट एकच, u > 0, आणि ती आकृतीत डोळ्यांना दिसते. समरूप त्रिकोणांवरून दुसऱ्या भिंतीवरचा छेद b काढू: b/(4 + u) = 3/u, म्हणून b = 3(4 + u)/u. मग

A = ½(4 + u)·3(4 + u)/u = 12 + (3/2)(u + 16/u)

सगळं गणित आता u + 16/u या एका पदावर आलं. u धन असल्यामुळे त्याचं वर्गमूळ घेता येतं आणि

u + 16/u = (√u − 4/√u)² + 8

वर्ग कधी ऋण होत नाही. म्हणून u + 16/u कमीत कमी 8, आणि तेही √u = 4/√u म्हणजे u = 4 असताना. A कमीत कमी 12 + 12 = 24. कुंपण एका भिंतीला कोपऱ्यापासून ८ मीटरवर आणि दुसरीला ६ मीटरवर भिडतं. इथे डेरिव्हेटिव्ह लागलं नाही आणि 'हे फक्त आसपासचं किमान तर नाही ना' हा प्रश्नही उरला नाही, कारण असमानता प्रत्येक धन u साठी खरी आहे. 4 आणि 3 च्या जागी p आणि q ठेवून हीच पायरी केली की क्षेत्रफळ 2pq आणि छेद 2p, 2q मिळतात.

या पदातून आणखी एक गोष्ट कळते जी m च्या सूत्रात लपून राहते. u = 2 घाला, A = 27. u = 8 घाला, तरी A = 27. u = 1 आणि u = 16 या दोघांनाही 37.5. ज्या दोन किमतींचा गुणाकार 16 आहे त्यांना क्षेत्रफळ सारखंच येतं. म्हणजे किमानापेक्षा मोठं कुठलंही क्षेत्रफळ देणारी कुंपणं नेहमी दोन असतात, आणि २४ ला ती दोन एकात मिसळतात. ग्राफ पेपरवर उत्तर शोधणाऱ्यांची चूक इथे होते. सारख्या उंचीचे दोन बिंदू, समजा 2 आणि 8, घेऊन ते मधोमध 5 वर किमान धरतात. तिथे A = 24.3 येतं, 24 नाही. आलेख डावीकडे उभा चढतो आणि उजवीकडे सावकाश पसरतो, त्यामुळे मधला बिंदू बेरजेचा अर्धा नसून गुणाकाराचं वर्गमूळ असतो: √(2·8) = 4.

किमानाजवळ आलेख किती सपाट आहे तेही बघून ठेवा. भिंतीवर खूण करताना १० सेंटीमीटरची चूक झाली, u = 4.1 झालं, तर क्षेत्रफळ वाढतं सुमारे ०.००३७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३७ चौरस सेंटीमीटर. तळहाताएवढाही नाही. याची दुसरी बाजू अशी की क्षेत्रफळं मोजून किमानाची जागा अचूक सापडत नाही. तीन-चार किमती घालून त्यातली सर्वांत लहान उचलली तर क्षेत्रफळ जवळपास बरोबर येईल, पण रेषेचं समीकरण चुकेल.

असमानतेचीच पद्धत वापरताना एक चूक इतकी सहज होते की ती वेगळी सांगायला हवी. छेदांना a आणि b म्हटलं, a + b ≥ 2√(ab) लिहिलं, 'समानता a = b असताना' म्हणून a = b = 7 घेतलं आणि क्षेत्रफळ 24.5 काढलं. रेषा (4, 3) मधून जाते, सगळं नीट दिसतं, पण उत्तर चुकीचं. कारण ही असमानता किमान किंवा कमाल तेव्हाच देते जेव्हा बेरीज किंवा गुणाकार यांपैकी एक स्थिर असतो. इथे a + b स्थिर नाही आणि ab तर आपण शोधतोच आहोत. स्थिर आहे ती दुसरीच बेरीज: रेषा माडावरून जाते म्हणून 4/a + 3/b = 1. असमानता याच दोन पदांना लावा:

1 = 4/a + 3/b ≥ 2√(12/(ab))

दोन्ही बाजूंचा वर्ग केला की ab ≥ 48, म्हणून A ≥ 24. समानता 4/a = 3/b असताना; दोघांची बेरीज 1 आहे, म्हणून प्रत्येकी 1/2, आणि a = 8, b = 6. समानता गाठणारी रेषा खरोखर मिळते हे दाखवल्याशिवाय 'किमान' हा शब्द लिहू नका. तोवर तुम्ही फक्त खालची मर्यादा काढलेली असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, माड मध्यावरच का. योगायोग नाही, आणि कारण आकृतीतच सापडतं. माड P, कोपरा O. असं कुंपण AB काढा की A हा x-अक्षावर, B हा y-अक्षावर आणि P त्याच्या मध्यावर. आता P भोवती कुंपण थोडं फिरवा: नवीन टोक C हे A च्या पलीकडे गेलं, तर दुसरं टोक D हे B च्या खाली येतं. फिरवल्यामुळे PBD एवढा तुकडा कमी झाला आणि PAC एवढा वाढला. कुठला मोठा?

A मधून y-अक्षाला समांतर रेषा वर काढा. ती PC ला E मध्ये भेटते. त्रिकोण PBD आणि PAE बघा. PB = PA, कारण P मध्य. P जवळचे कोन समोरासमोरचे म्हणून सारखे. B आणि A जवळचे कोन समांतर रेषांमुळे सारखे. दोन्ही त्रिकोण एकरूप. पण PAE हा PAC च्या पोटातला एक भाग आहे, AEC एवढा तुकडा वर उरतोच. म्हणजे जेवढं गमावलं त्यापेक्षा जास्त मिळालं, क्षेत्रफळ वाढलं. कुंपण उलट्या दिशेने फिरवलं तर B मधून x-अक्षाला समांतर रेषा काढून हेच सगळं लागू होतं. मध्यावरून कुठेही हललात तरी त्रिकोण मोठाच होतो.

खरं तर मला हा पुरावा सगळ्यांत आवडतो, कारण यात काटकोन कुठेही वापरलेला नाही. भिंती ७० अंशांत मिळोत की ११० अंशांत, लहानात लहान त्रिकोणात माड कुंपणाच्या मध्यावरच येणार. कोपरा क्वचितच बरोबर ९० अंशांचा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर हेच उपयोगाचं. फक्त क्षेत्रफळ काढताना ४ आणि ३ मीटर कसे मोजले ते बघावं लागतं. माडापासून प्रत्येक भिंतीला समांतर जाऊन ही अंतरं मोजली असतील तर क्षेत्रफळ 24 गुणिले कोनाचं साइन. ११० अंशांना सुमारे २२.६ चौरस मीटर. भिंतींवर लंब टाकून मोजली असतील तर 24 भागिले साइन, सुमारे २५.५. काटकोनात साइन 1 असतं म्हणून हा फरक दिसत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्या. समजा x-अक्षाची भिंत कोपऱ्यापासून ७ मीटरवर संपते, पुढे फाटक आहे. मग u जास्तीत जास्त 3, आणि u = 4 मिळतच नाही. डेरिव्हेटिव्ह शून्य होणारी जागा पट्ट्याबाहेर गेली, म्हणून 'उत्तर नाही' असं लिहिलं तर चूक. u = 0 ते 4 दरम्यान A सतत घटत जातो, म्हणून उत्तर भिंतीच्या टोकाला: u = 3, a = 7, b = 7, क्षेत्रफळ 24.5. डेरिव्हेटिव्ह तिथे शून्य नाही आणि असायची गरजही नाही. मघाशी चुकीचं ठरलेलंच कुंपण इथे बरोबर ठरतं, पण a = b आहे म्हणून नव्हे, भिंत तिथे संपते म्हणून.

आणखी दोन गणितं याच्यासारखीच दिसतात आणि त्यांची उत्तरं यात मिसळली जातात. कुंपणाची लांबी कमीत कमी हवी असेल तर छेद सुमारे 7.30 आणि 6.63 येतात. लांबी ९.८७ मीटर, क्षेत्रफळ २४.२२. आपल्या कुंपणाची लांबी १० मीटर आहे. छेदांची बेरीज कमीत कमी हवी असेल तर छेद 4 + √12 आणि 3 + √12, म्हणजे 7.46 आणि 6.46, क्षेत्रफळ २४.१२. तिन्ही कुंपणं इतकी जवळ आहेत की आकृतीत ओळखू येणार नाहीत. म्हणून गणित वाचताना नक्की काय लहान करायचं आहे त्या शब्दाखाली रेघ मारा.

शेवटी, सूत्र आणि कोन मोजायचं साधन दोन्ही नसताना हे कुंपण भाटात कसं आखायचं ते सांगतो. एका भिंतीच्या कडेला कोपऱ्याच्या बाजूने दोन खुंट्या मारा, समजा ४ आणि ६ मीटरवर. पहिल्या खुंटीपासून माडापर्यंत दोरी ताणा आणि त्याच सरळ रेषेत तेवढंच अंतर पुढे जाऊन तिसरी खुंटी मारा. दुसऱ्या खुंटीपासूनही तसंच करून चौथी मारा. तिसरी आणि चौथी यांना जोडणारी दोरी दुसऱ्या भिंतीपर्यंत वाढवा. ती जिथे भिडते तो B. तुमच्या आकड्यांनी तिसरी खुंटी (4, 6) वर, चौथी (2, 6) वर आणि B बरोबर (0, 6) वर येतो. आता B पासून माडावरून दोरी पहिल्या भिंतीपर्यंत न्या, तिथे A. माडाच्या खोडाला जाडी असते, म्हणून सगळ्या दोऱ्या खोडावर आधी ठरवलेल्या एकाच खुणेला लावून न्या आणि अंतरं त्या खुणेपासूनच धरा. तपासायला फक्त PA आणि PB मोजा. दोन्ही ५ मीटर भरले की कुंपण जागेवर आहे.